अनुभव धागा: खात्याचं नाव बदललं, मग जुन्या लिंकांचं काय झालं?

चादरी-टॉवेलपासून शेंगाचटणीपर्यंत सोलापुरातला बराच धंदा आता इन्स्टाग्रामवरून होतो. भागीदारी सुटली, दुकान हललं की खात्याचंही नाव बदलतं. ते बदलायला मिनिटभर लागतं, पण पिशव्यांवर आणि लोकांच्या जुन्या मेसेजांत जुनंच नाव राहतं. तुमच्याकडे काय चालू राहिलं आणि काय तुटलं, ते लिहा.

चाटी गल्ली
आमचं चादरींचं दुकान. वाटण्या झाल्यावर युजरनेम बदललं. फॉलोअर, फोटो, मेसेज सगळं जागच्या जागी होतं. गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत एका बाईंनी पिशवीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला, तर पान उपलब्ध नाही असं आलं. पण त्याच बाईंना आम्ही पूर्वी व्हॉट्सअपवर पाठवलेली एका चादरीची लिंक व्यवस्थित उघडली. हे कोडं मला बरेच दिवस सुटलं नव्हतं.

होटगी रोड
ताई, दोन लिंका शेजारी शेजारी ठेवून बघा.

```
instagram.com/juna_naav/
instagram.com/p/पोस्टचा-कोड/
```

पहिलीत तुमचं नाव आहे. नाव गेलं की तो पत्ताच संपला, इन्स्टाग्राम तिथून नव्या नावाकडे नेत नाही. दुसरीत नाव नाहीच, फक्त त्या पोस्टचा कोड आहे, आणि नाव बदललं तरी तो बदलत नाही. क्यूआरमध्ये पहिली लिंक छापली होती, म्हणून तो अडला.

टॅगचंही असंच. गिऱ्हाइकानं फोटोवर तुम्हाला टॅग केलं असेल तर तो टॅग खात्याला चिकटलेला असतो, नाव बदललं की तिथंही नवं दिसतं. पण फोटोखाली हातानं @ लावून लिहिलेलं जुनं नाव तसंच राहतं आणि त्यावर बोट ठेवलं की रिकामं पान येतं. ज्यांनी तुमच्याबद्दल लिहिलंय त्यांनाच ते दुरुस्त करायला सांगावं लागतं.

जुळे सोलापूर
उगाच घाबरवताय ओ. मी यूट्यूबचं हँडल मागच्या आठवड्यात बदललं, जुनी लिंक झकास चालतीय. आपोआप नव्या नावावर जातंय की.

होटगी रोड
मागच्या आठवड्यातच बदललंय म्हणून चालतीय. यूट्यूब जुनं हँडल 14 दिवस राखून ठेवतं आणि तेवढे दिवस दोन्ही लिंका चालतात. पुढं ते दुसऱ्या कुणालाही घेता येतं. बॅनरवर द्यायची असेल तर /channel/UC ने सुरू होणारी लांब लिंक द्या. दिसायला वाईट आहे, पण हँडल कितीदाही बदललं तरी ती चालते.

पूर्व भाग
मी मोबाइल नंबरच बदलला, तर व्हॉट्सअपचे सगळे ग्रुप टिकतील का? यंत्रमागवाल्यांचे ग्रुप आहेत, गेले तर पंचाईत.

चाटी गल्ली
दादा, तो वेगळा विषय. व्हॉट्सअपच्या सेटिंगमध्ये नंबर बदलायची सोय आहे, तिथूनच बदला, ग्रुप राहतात.

माझं पुढचं सांगते. मोठी अडचण शोधात आली. जुनी गिऱ्हाइकं जुन्या नावानं शोधायची आणि आम्ही सापडायचो नाही. मग लक्षात आलं की प्रोफाइलवर ठळक दिसणारं नाव आणि युजरनेम हे दोन वेगळे रकाने आहेत आणि शोध दोन्हींत होतो. ठळक नावात नवं नाव, पुढं "आधीचे" म्हणून जुनं नाव आणि शेवटी "सोलापुरी चादर" असं लिहिलं. त्यानंतर जुन्या नावानं शोधणाऱ्यांना आम्ही परत दिसू लागलो. हे ठळक नाव 14 दिवसांत दोनदाच बदलता येतं, त्यामुळं आधी कागदावर लिहून ठरवा. शिल्लक पिशव्यांवर नव्या क्यूआरचे स्टिकर चिकटवले.

अक्कलकोट रोड एमआयडीसी
माझं काम सॉफ्टवेअरचं. कोड ठेवायच्या गिटहब साइटवर नाव बदललं तर रिपॉझिटरीच्या, म्हणजे तिथं ठेवलेल्या प्रोजेक्टच्या, जुन्या लिंका नव्याकडे वळतात, पण प्रोफाइलची जुनी लिंक वळत नाही. आणि कुणी तुमचं सोडलेलं नाव घेऊन त्याच नावाची रिपॉझिटरी काढली, की ते वळणंही बंद. म्हणून छापायची लिंक स्वतःच्या डोमेनची ठेवा आणि तिथून हवं तिकडं वळवा. पुढं नाव बदललं तरी छापलेलं बदलावं लागत नाही.

होटगी रोड
पटलं. तपासताना मात्र जुनी लिंक खात्यातून बाहेर पडून, दुसऱ्याच्या फोनवर उघडा.

चाटी गल्ली
एक राहिलंच. जुनं युजरनेम दुसऱ्या कुणी घेऊ नये म्हणून त्याच नावानं दुसरं खातं काढून ठेवावं का? इन्स्टाग्रामवर बहुतेक वेळा 14 दिवस आपल्याला तेच नाव परत घेता येतं. त्या काळात नव्या खात्याला ते मिळालंय का कुणाला?

जुळे सोलापूर
माझ्या मेहुण्यानं बघितलं, त्याला नाव घेतलेलं आहे असंच दाखवलं. नंतर त्यानं परत बघितलंच नाही.