रफ कट ३८ मिनिटांचा, हवाय २५ चा. सीन का मारायचे?

वेंगुर्ल्याचा_वारा: आमच्या लघुपटाचा रफ कट ३८ मिनिटं २० सेकंदांचा झालाय, स्पर्धेची मर्यादा २५. मुंबईहून मुलगा मालवणजवळच्या वाडीत येतो आणि वडलांची होडी विकायची की नाही यावरून घरात फूट पडते, एवढीच गोष्ट. एडिटर म्हणतो सीन काढा. लिहिलेला सीन उडवणं म्हणजे लेखकाचा अपमान. प्रत्येक कटमधून दोन-चार फ्रेम काढत गेलं की वेळ आपोआप बसतो. श्रेयनामावली तर धरतच नाहीत. मग सीन का मारायचे?

कातळसडा: "आपोआप बसतो" वाचून गप्प राहवेना. हिशेब करा. ३८ मिनिटांत साधारण ३८० कट धरू. दोन-चार कशाला, प्रत्येक कटमागे ८ फ्रेम काढा. झाल्या ३,०४०. सेकंदाला २४ फ्रेम धरल्या तर ही २ मिनिटं ७ सेकंद. तुम्हाला १३ मिनिटं २० सेकंद काढायचीत. शिवाय त्या ८ फ्रेम जातात कुठून? प्रश्न ऐकल्यावर आणि उत्तर देण्याआधी माणूस जो थांबतो, तिथून. मग सगळी पात्रं घाईत बोलल्यासारखी वाटतात आणि गंमत म्हणजे फिल्म तरीही लांबच वाटते, कारण तीच माहिती पुन्हा पुन्हा येत राहते.

श्रेयनामावलीचंही चुकतंय. ऑस्करच्या लघुपट विभागाची ४० मिनिटांची मर्यादासुद्धा श्रेयनामावलीसकट असते. तुमच्या स्पर्धेचा नियम आधी नीट वाचा.

आता सांगा, वडलांच्या कर्जाची गोष्ट किती सीनमध्ये येते?

वेंगुर्ल्याचा_वारा: तीन. शेजारचे बाळाकाका मुलाला बांधावर सांगतात (१:५०). मग आई चुलीपाशी सांगते (३:०५). शेवटी सोसायटीचा माणूस नोटीस घेऊन येतो (१:२०). तिन्ही लागतात. पहिल्यात गावाची नजर आहे.

कातळसडा: तिन्ही लागत नाहीत. सांगणाऱ्याचं सांगताना काय जातं, ते बघा. बाळाकाकांचं काहीच जात नाही. आई इतके दिवस लपवत होती, ती बोलली की मायलेकांतलं काहीतरी बदलतं. नोटिशीत रक्कम आणि तारीख आहे, तिथून घाई सुरू होते. म्हणून बाळाकाका पूर्ण बाहेर.

आईचा सीन आवाज बंद करून बघा. ती "जेवलस?" विचारते, ताट पुढे सरकवते आणि मान वर करत नाही, असं काही शूट झालं असेल तर कर्ज तिथेच कळलं. "होडी गहाण ठेवल्यानी" या वाक्यावर सीन सोडा. व्याज किती, कोणाकडून, कधी हे सगळं नोटीस सांगणारच आहे. ३:०५ चे १:१० होतील.

पण सीन उचलला की पुढे कुठे तरी एखादं वाक्य पोरकं होतं. किनाऱ्यावर बाप-लेक भांडतात तिथे बाळाकाकांचं नाव येतं का?

वेंगुर्ल्याचा_वारा: येतं. मुलगा म्हणतो, "बाळाकाकान सांगल्यान माका सगळा." म्हणूनच म्हणतोय, काढता येत नाही.

कातळसडा: येतं काढता. त्या वाक्यावर मुलाचा चेहरा दाखवू नका, जाळं शिवणारा बाप दाखवा आणि वाक्य ट्रॅकवरून काढा. मात्र बापाचं उत्तर तपासा. "तेका काय ठावक?" असेल तर तो 'तेका'ही पोरका झाला, तेही गेलं पाहिजे. त्यापुढच्या "मी होडी इकूचंय नाय" वर थेट या. मुलगा न विचारता बाप बोलतो, म्हणजे बापाला आधीच कळलंय. लिहिलेल्यापेक्षा हे जास्त बोलतं.

गाज_ऐकणारी: चित्राचं बरोबर, पण हे वाक्य किनाऱ्यावरचं आहे. मधलं काढलं की लाट फुटता फुटता तुटते आणि कटच्या जागी दुसरीच लाट अर्ध्यात सुरू होते. डोळ्याला कट दिसत नाही, कानाला लगेच खटकतो. संवादाच्या खाली त्याच जागेची सलग दोन-तीन मिनिटांची गाज अंथरा. संवादाच्या तुकड्यांना कडेला चार-सहा फ्रेमचा क्रॉसफेड द्या आणि जमलं तर कट लाट फुटण्याच्या क्षणावर आणा. गाज वेगळी रेकॉर्ड केली नसेल तर त्याच किनाऱ्यावर त्याच भरती-ओहोटीच्या वेळेला जाऊन करा. ओहोटीची लाट लांबून येते, तिचा आवाज वेगळा. पावसाळ्यातली तर अजिबातच जुळणार नाही.

मालवणी_मीठ: आई गप्प, बाळाकाका बाहेर, पोराचं वाक्य गेलं. कापलं काय? मालवणी! दरवेळी हेच. वेळ कमी पडला की आमची बोली जाते आणि नारळाच्या झाडांवरचे ड्रोन शॉट राहतात. बाहेरच्या प्रेक्षकाला कळत नाही म्हणून बोली छाटायची असेल तर फिल्म पुण्यातच करा.

कातळसडा: हा आरोप मला मान्य नाही. तीन मिनिटं मालवणी ठेवलीत की पडद्याखाली तीन मिनिटं सबटायटल चालतं. प्रेक्षक आईचं तोंड सोडून खालची ओळ वाचत बसतो. एकच "जेवलस?" ठेवलात तर तो तिच्याकडे बघतो.

मालवणी_मीठ: मग सबटायटल काढा. बोलीचा अर्थ सुरातून कळतो. आणि बाळाकाका फुकटचा माणूस नाही. वाडीत बातमी आधी शेजाऱ्याकडेच असते, आईकडून कधीच कळत नाही. तुम्ही गावाची रीतच कापताय.

गाज_ऐकणारी: ही रीत बाळाकाकांच्या नजरेतून दाखवता येईल. मुलगा बांधावरून जातो, बाळाकाका बोलायला तोंड उघडतात आणि थांबतात. एक शॉट, सहा सेकंद.

मालवणी_मीठ: तो शॉट असेल तर चालेल. मुद्दा मात्र सोडलेला नाही. आधी ड्रोन काढा, मग बोलीला हात लावा.

कातळसडा: ड्रोनचं बरोबर आहे. हे मी आधीच म्हणायला हवं होतं.

रापणवाला: माझाही हाच प्रश्न. रापणीची डॉक्युमेंटरी ५२ मिनिटांची झालीये. किनाऱ्यावर जाळं ओढणंच ११ मिनिटं चालतं. कुठल्या सीनमध्ये संवाद कापू?

कातळसडा: तुमचा प्रश्न संवादाचा नाही. ओढण्यात काय बदलतं ते शोधा. दोर हलका असताना एकदा, माणसं मागे झुकून टाचा वाळूत रुततात तेव्हा एकदा, आणि जाळ्याची पिशवी दिसते तेव्हा एकदा. मधली सारखी ओढ गेली तरी कट ओढीच्याच झोकावर करा, म्हणजे हात एका शॉटमध्ये मागे जाईल आणि दुसऱ्यात तीच ओढ पुरी होईल.

वेंगुर्ल्याचा_वारा: टाइमलाइनची नक्कल करून काढलेले सीन शेवटी एका बाजूला ठेवले. बाळाकाका, आईचं बोलणं, बाजार, लहानपणीची आठवण, सगळे ड्रोन. ३० मिनिटं ४० सेकंद. बाजार गेल्याचं कोणालाच जाणवलं नाही, हे कबूल करतो. पण एसटीतून उतरून घरापर्यंतची पायवाट (२:२५) मी काढणार नाही. ती गेली तर मुलगा आला असं वाटतच नाही.

कातळसडा: एकच शॉट ठेवा, पाठमोरा, १४ सेकंद. घराची कौलं दिसली की कट.

मालवणी_मीठ: १४ सेकंदांत वाडी येत नाही. निदान ४०.

वेंगुर्ल्याचा_वारा: दोन्ही एक्सपोर्ट करतो. गोष्ट माहीत नसलेल्या दोघांना न थांबवता दाखवतो आणि ते मोबाइलकडे कुठे बघतात ते लिहून ठेवतो.