झोपताना ओढणी हवीच. त्याऐवजी काय द्यावं?

सईची आई: मुलगी 14 महिन्यांची आहे, पुढच्या महिन्यापासून पाळणाघरात जाईल. माझी ओढणी तोंडाशी धरल्याशिवाय झोपत नाही. त्याऐवजी एखादी बाहुली द्यावी का? सासूबाईंच्या मते नसती सवय लागेल.

वसुधा: ओढणी झोपेत मानेभोवती गुंडाळली जाते, म्हणून ती आधी काढा. पण तिला लळा आहे तो त्या कापडाचा आणि तुमच्या वासाचा. मग नवी बाहुली कशाला? त्याच ओढणीचे हातरुमालाएवढे दोन चौकोन कापा आणि कडा दुमडून मशीनवर दुहेरी शिवा. झालर, नाडी, टिकल्या काही नको. बाहुलीच घ्यायची तर मुठीत मावेल अशी, नाक-डोळे धाग्याने भरलेले. बटणाचे डोळे निघून घशात अडकतात. शिवण जोर लावून ओढून बघा, आतला कापूस दिसला तर परत करा.

नितीन: वर्ष उलटलं की धोका संपतो. आमचा मुलगा त्याच्याएवढं अस्वल घेऊन पाळण्यात झोपतो.

वसुधा: मऊ वस्तूंनी श्वास कोंडण्याची मोठी भीती पहिल्या वर्षातली, ते बरोबर. पण उभं राहणारं मूल अशा अस्वलावर पाय देऊन कठड्यावरून खाली पडतं. ते पाळण्याबाहेरच ठेवा.

माईआजी: मला हे पटत नाही. रडलं की पोराला माणूस हवं, चिंधी नव्हे. ती हरवली की घरभर रडारड, ती माझ्या नातवाची मी पाहिली आहे.

तन्वी: आमची तीन वर्षांची अंगठा चोखते, दातांचे डॉक्टर रागावले. काय करू?

वसुधा: तन्वी, तो विषय वेगळा, नवा धागा काढ. माई, हरवण्याचं खरं आहे, म्हणून तर दोन चौकोन. आलटून पालटून वापरायचे, म्हणजे दोन्ही सारखेच विरतात आणि मूल दुसरा नाकारत नाही. सईची आई, चौकोन एक रात्र तुमच्या उशीखाली ठेवा. पहिले चार-पाच दिवस फक्त दिवसा, मांडीवर दूध पिताना हातात द्या. मग दुपारच्या झोपेला आणि शेवटी रात्री. फेकला तर आग्रह नको, दुसऱ्या दिवशी पुन्हा.

सईची आई: बारा दिवस झाले. तीन दिवस तिने तो भिरकावला, चौथ्या दिवशी दूध पिताना गालावर घासू लागली. सहाव्या दिवशी मी दोन्ही चौकोन एकदम धुतले आणि ती तासभर रडली. आता एक धुते तेव्हा दुसरा उशीखाली असतो. दुपारी ओढणीशिवाय झोपते, रात्री अजून नाही. पाळणाघरातल्या ताई म्हणतात, एक चौकोन कायम तिथेच ठेवा.

माईआजी: तिथे ठेवू नका. रोज घरी आणा, आईचा वास उडेल.

नितीन: आणि एखाद्या दिवशी न्यायचा विसरलात तर?