घरमालकाने अचानक भाडं दीडपट केलं, करार नाही. नोटिशीला उत्तर काय द्यावं?

पायरीवरचा: दोन वर्षांपासून भाड्याने राहतोय. लेखी करार नाही, सगळं तोंडी ठरलं होतं. भाडं दर महिन्याला न चुकता बँकेतून जातं. परवा मालकांनी सही केलेला कागद दिला: चालू महिन्याच्या १ तारखेपासून भाडं दीडपट, ७ दिवसांत फरक भरा नाहीतर जागा खाली करा. कागद हातात पडला ८ तारखेला! रागाच्या भरात तीन पानी उत्तर लिहिलंय, त्यात गळक्या नळाचंही पुराण आहे. पाठवू का?

एकटा_जीव: करारच नाही म्हणजे त्यांना वाढवताच येत नाही. भाडं बंद करा, आपोआप वठणीवर येतील.

जुनी_फाईल: भाडं अजिबात बंद करू नका. आज मालकाच्या बाजूने काहीच नाही, थकबाकी झाली की तुम्हीच त्यांच्या हातात कोलीत द्याल. कागद नसला तरी तुम्ही भाडेकरू आहातच, आणि दर काय ठरला होता हे दोन वर्षांच्या बँकेच्या नोंदी सांगतात. पण एक चुकूनही करू नका: वाद नको म्हणून एखाद्या महिन्याला वाढीव रक्कम भरणं. तीच पुढे संमती म्हणून दाखवली जाते.

तीन पानं फाडा. एवढंच पुरे:

"आपली नोटीस मला ८ तारखेला मिळाली. भाडेवाढीबद्दल आपल्यात काहीही ठरलेले नाही, त्यामुळे ही वाढ, तीही मागील तारखेपासून, मला मान्य नाही. ठरलेले भाडे मी नेहमीप्रमाणे आपल्या खात्यात भरत आहे व भरत राहीन."

खाली तारीख, सही. पोचपावती मिळेल अशा टपालाने पाठवा, प्रत जपून ठेवा. नळाचं वेगळ्या पत्रात लिहा.

सामान_बांधलेली: माझ्या मालकाने तर अनामत रक्कमच बुडवली. त्याचं काय करायचं?

जुनी_फाईल: ताई, तो वेगळा विषय, नवीन धागा काढा.

पायरीवरचा: अजून एक घोळ आहे. त्यांनी आधी फोनवर मेसेज केला होता, मी "बघतो" लिहून बसलोय. ते होकार धरतील का?

जुनी_फाईल: "बघतो" म्हणजे होकार नव्हे. पण उत्तर लवकर धाडा, गप्प बसण्याचाही अर्थ लावणारे असतात. आणि या पत्राने जागा कायमची राखली जाते असं समजू नका. रीतसर मुदत देऊन ते भाडेपट्टा संपवू शकतात. मुदत किती आणि कारण लागतं का, हे तिथल्या भाडे कायद्यावर आहे. तेवढं वकिलाला विचारा.

एकटा_जीव: बरं, पैसे परत पाठवले तर?

जुनी_फाईल: परत आल्याची नोंद ठेवायची, पुन्हा पाठवायचे. मनीऑर्डर नाकारली तरी तो शेरा पुरावाच असतो.

पायरीवरचा: पत्र गेलं, जुनं भाडंही भरलं. संध्याकाळी मालकांचा फोन: "अर्धी तरी वाढ दे." मी म्हटलं, लेखी कळवा. वर्षभराचा करार करून देणार असतील तर थोडी वाढ द्यायला माझी ना नाही, पण आकडा आधी मी सांगावा की त्यांनी?