गच्चीवरून राजवाड्याचा ‘खेळण्यातलं शहर’ फोटो: ग्रेडियंट ब्लर उंच इमारतीवर चालतो का?

गच्चीवाला_इंदूर: मामांची गच्ची इंदूरच्या राजवाड्यासमोर, साधारण साठ मीटरवर आहे. तिथून घेतलेल्या फोटोला वर-खाली ग्रेडियंट ब्लर दिला, मधली पट्टी शार्प ठेवली, सॅच्युरेशन +40 केलं. बागेतली माणसं छान बाहुल्यांसारखी झाली, पण राजवाड्याचे वरचे मजले धुक्यात बुडाल्यासारखे दिसतात. माझं मत: हा प्रकार सपाट वस्तीवरच शोभतो, सात मजली दरवाज्यावर नाही. पटतं का?

सरळ_रेघ: कॅमेरा समतल धरून लेन्स थोडी वर-खाली सरकवली की इमारतीच्या कडा सरळ उभ्या राहतात. सॉफ्टवेअरमध्ये पर्स्पेक्टिव्ह करेक्शन लावा, राजवाडा मागे कललेला दिसणार नाही.

गच्चीवाला_इंदूर: दादा, तो शिफ्टचा, म्हणजे लेन्स सरकवण्याचा भाग झाला. माझा राजवाडा ताठच उभा आहे, फक्त आंधळा झालाय.

किल्ल्यावरून: माझा अनुभव तुझ्या बाजूचा. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या तटावरून खालचं जुनं शहर टिपलं, साधा सरळ ग्रेडियंट दिला आणि पहिल्या फटक्यात जमलं. किल्ला शंभरेक मीटर वर, खाली सगळी बसकी घरं, त्यामुळे फोटोत जे वर ते खरोखरच लांब. तुझ्या मामांच्या गच्चीवरून ते जमायचं नाही. उंची नाही तर खेळणं नाही.

काचेमागे: किल्ल्यावरून यांनी कारण बरोबर सांगितलं, निष्कर्ष मात्र घाईचा आहे. ग्रेडियंटला अंतर कळत नाही, फोटोतली ओळ कळते. सपाट जमिनीवर ओळ आणि अंतर एकत्र चालतात म्हणून फसवणूक खपते. राजवाड्याचा सातवा मजला फोटोत वर आहे, पण मागच्या गल्ल्यांइतका लांब नाही. तरी त्याला त्यांचाच ब्लर मिळतो, आणि इमारत खालून शार्प, वरून विरघळलेली अशी होते. डोळ्याला ते खटकतं, कारण जवळून पाहिलेल्या छोट्या वस्तूत असं होत नाही.

मग किती ब्लर हवा? राजवाडा 60 मीटरवर धरा. कुठल्याही वस्तूचं कॅमेऱ्यापासूनचं अंतर घ्या, त्यातला आणि 60 मधला फरक काढा, त्याला त्या वस्तूच्या अंतराने भागा. लेन्समधला खरा ब्लर या प्रमाणात वाढतो. 1600 पिक्सेल रुंद फोटोत क्षितिजाला 12 पिक्सेलचा ब्लर ठरवला, तर 200 मीटरवरच्या घरांना सुमारे 8 येतो आणि 100 मीटरवरच्यांना 5. कॅमेरा 15 अंश खाली झुकवला असेल तर राजवाड्याचा माथा पायथ्यापेक्षा किंचित जवळ पडतो, म्हणून त्याला दीड पिक्सेल. म्हणजे जवळजवळ शार्पच.

गंमत खालच्या बाजूला आहे. 30 मीटरवरच्या बाल्कनीला 12 पिक्सेल येतात, थेट क्षितिजाएवढे! मागे ब्लर हळूहळू वाढून थांबतो, पुढे मात्र भराभर चढतो. वर-खाली सारखा ग्रेडियंट देणारे सगळे फोटो याच ठिकाणी पकडले जातात.

जुनी_फिल्म: तुम्ही सगळे खेळण्याची नक्कल करताय, कॅमेऱ्यावर तिरकी करता येणाऱ्या टिल्ट लेन्सची नाही. खरी लेन्स टिल्ट करा, फोकसचं प्रतल तिरकं होतं आणि उभ्या इमारतीला एखाद्या पट्टीतच छेदतं. तिचा माथा खऱ्या टिल्ट लेन्समध्येही विरघळतो. ऑलिव्हो बार्बिएरी या इटालियन छायाचित्रकाराने हेलिकॉप्टरमधून शहरं टिपली ती अशाच लेन्सने. म्हणजे गच्चीवाल्याचा सरळ ग्रेडियंटच मूळ तंत्राशी जास्त प्रामाणिक. त्याला चूक ठरवणारे तुम्ही कोण?

काचेमागे: लेन्सशी प्रामाणिक आहे, हे मान्य. पण पाहणारा लेन्स पाहत नाही. फोटो पाहून त्याला ‘छोटं आहे’ असं वाटायला हवं, आणि ते वाटतं कारण हाताच्या अंतरावरच्या वस्तूंचाच फोकस इतका उथळ असतो.

जुनी_फिल्म: आणि मला ‘टिल्ट लेन्सने काढलाय’ असं वाटायला हवं. दोन वेगळ्या खोट्या गोष्टी आहेत, बस.

गच्चीवाला_इंदूर: मला खेळणंच हवंय. हे करायचं कसं? प्रत्येक घराला हाताने ब्लर?

काचेमागे: नाही. आधी फोटो अंतिम आकाराला छोटा करा. 6000 पिक्सेलवर दिलेला 12 चा ब्लर 1600 ला आणला की तीनच उरतो, मग लोक सॅच्युरेशन वाढवत बसतात. नंतर अल्फा चॅनेलमध्ये काळ्या-पांढऱ्याचा नकाशा काढा: काळा म्हणजे शार्प, पांढरा म्हणजे पूर्ण ब्लर. जमिनीसाठी ग्रेडियंट, पुढे तीव्र, मागे सौम्य. मग राजवाडा सिलेक्ट करून, पायथ्याशी काळा आणि माथ्याशी दहा-बारा टक्के राखाडी असा स्वतंत्र भरा. आकाश पूर्ण पांढरं. फोटोशॉपच्या Lens Blur मध्ये Source म्हणून हाच चॅनेल निवडा, Blur Focal Distance शून्य, Radius 12.

एक अडचण येईल. राजवाड्याच्या कडेभोवती तपकिरी झळाळी दिसेल, कारण ब्लर होताना आकाश इमारतीचा रंग ओढून घेतं. त्यावर इलाज: वेगळ्या लेअरवर राजवाड्याच्या जागी आकाश आणि मागची घरं क्लोन करून भरा, तो लेअर ब्लर करा, वर शार्प राजवाडा ठेवा.

सराफ्यातली_जिजी: एवढं करण्यापेक्षा रंग बघ आधी. +40 ने राजवाड्याचं खालचं दगडी आणि वरचं लाकडी काम दोन्ही संत्री झालं असणार, दुकानांच्या पाट्यांचा लाल तर सपाट डाग. माझ्या मते रंगांपेक्षा धूसरपणा काढणं महत्त्वाचं. लांबची घरं फिकी, निळसर दिसतात म्हणूनच ती लांब वाटतात. टेबलावरच्या मॉडेलमध्ये हवेचा पडदा कुठून येणार? मागच्या भागाचा कॉन्ट्रास्ट वाढव, तिथला निळा कमी कर, आणि सॅच्युरेशन पंधरा-वीसवर थांबव.

गच्चीवाला_इंदूर: पण जिजी, खेळण्यांचा रंग असाच भडक, सपाट असतो ना? पाटीचा डाग मला आवडला.

सराफ्यातली_जिजी: पाटीचा ठेव. माणसांचे चेहरे हळदीचे झालेत ते बघ. सगळ्या फोटोला एकच घसरपट्टी लावायची गरज नाही.

किल्ल्यावरून: सगळं खरं, पण कोन? पंधरा अंशांत टेबलावरचं मॉडेल कोण बघतं? आपण खेळणं वरून बघतो.

काचेमागे: लहान मूल हनुवटी टेबलाला टेकवूनही बघतं. पण तुमचा मुद्दा सोडून देत नाही. तीस अंश मिळाले तर परिणाम नक्कीच वाढेल. फक्त तेव्हा माथा कॅमेऱ्याला आणखी जवळ येईल, त्याचा दीड पिक्सेलचा हिशेब बदलावा लागेल.

गच्चीवाला_इंदूर: नकाशा करून पाहिला. राजवाडा उभा राहिला, भिया! आता गच्चीपासून दहा मीटरवरच्या विजेच्या तारा त्याच्यावरून आडव्या जातात. त्या राजवाड्याच्या सिलेक्शनमध्ये आल्या आणि खणखणीत शार्प राहिल्या.

काचेमागे: हिशेबाने त्यांना 60 पिक्सेल ब्लर येतो, म्हणजे खऱ्या लेन्समध्ये त्या दिसल्याच नसत्या. ब्लर करू नका, पुसून टाका.

जुनी_फिल्म: झालं! आधी ग्रेडियंट खोटा म्हणालात, आता तारा गायब.

सराफ्यातली_जिजी: पुसू नको रे. डावीकडे दोन पावलं सरक, तिथून तारा बागेवरून जातील.

गच्चीवाला_इंदूर: डावीकडे मामांची पाण्याची टाकी आहे.