पिपचा पिंट्या कशासाठी?

खाडीकाठ:
डिकन्सची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' आठवी-नववीच्या मुलांसाठी मराठीत करतोय, थोडी आटोपशीर करून. सगळं आपल्याकडेच आणायचं ठरवलंय. कथानायक पिपचा पिंट्या, इंग्लंडातल्या केंटची दलदल म्हणजे रत्नागिरीकडची खाडी, ख्रिसमसची दिवाळी, जो म्हणजे दाजी, आणि कैद्याची रवानगी अंदमानात. परकी नावं नि परकी हवा असली की पोरं पहिल्या पानावर पुस्तक मिटतात. कुणाची हरकत?

भाता:
माझी आहे. मोठी आहे, चहा घेऊन बसा.

अंदमानापासून सुरू करतो, कारण तुमची होडी तिथेच बुडते. वरवर कल्पना झकास आहे. अंदमानात कैद्यांची वसाहत १८५८ साली सुरू झाली, कादंबरी १८६० च्या डिसेंबरपासून साप्ताहिकात येऊ लागली. गोष्ट त्याच्या बऱ्याच आधीच्या काळात घडते, पण ते सोडून देऊ. मूळ गोष्टीतला कैदी मॅग्विच जातो ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्सला. तिथे एका मालकाकडे राबतो, मालक मरताना त्याच्यासाठी पैसे ठेवतो, मग हा मोकळा होऊन स्वतःच्या मेंढ्या पाळतो आणि गबर होतो. फक्त इंग्लंडात परत पाऊल टाकलं तर फाशी. गुन्हेगार म्हणून हाकललेला माणूस तिकडे श्रीमंत होऊ शकतो, पण घरी येऊ शकत नाही, या एका खुंटीवर अख्खी कादंबरी टांगलेली आहे. पिंट्याला साहेब करायला लागणारा पैसा तुमचा कैदी अंदमानात कशातून काढणार? नारळातून? शिवाय 'काळं पाणी' म्हटलं की नववीच्या मुलाच्या डोळ्यांपुढे कोलू येतो आणि सावरकर येतात. तिथून कुणी पैसेवाला होऊन परतला, हे ते पोर मानणार नाही. आणि ते बरोबर असेल.

आता दाजी. जो हा पिपच्या थोरल्या बहिणीचा नवरा, म्हणून नात्याने दाजी, कबूल. पण दाजी म्हटलं की पाठोपाठ 'तुम्ही' आलं, आणि तिथे घात होतो. पिप स्वतः सांगतो की जो म्हणजे मला एक मोठं झालेलं मूलच वाटायचा, माझ्या बरोबरीचा. दोघं एकाच बाईचा मार खाणारे. ब्रेडचा तुकडा कोण किती चावला हे एकमेकांना दाखवत जेवतात. हे नातं 'दाजी, तुम्ही बसा' मध्ये मावत नाही. ते 'जो, तू' असंच हवं.

आणि हे जपलंत तर मराठी तुम्हाला असं काही देते जे इंग्रजीकडेही नाही. पिप लंडनला साहेब झाल्यावर जो त्याला भेटायला येतो. अंगात अवघडलेला कोट, हातात टोपी, ती कुठे ठेवावी कळत नाही. फळीवर ठेवतो, ती पडते, पुन्हा ठेवतो, पुन्हा पडते. बोलताना मधेच जुन्या सलगीने 'पिप' म्हणतो, लगेच सावरून 'सर'. इंग्रजीत 'यू' तोच राहतो, सगळं ओझं त्या 'सर'वर. मराठीत क्रियापदच पलटी खातं: 'कसा आहेस रे पिप... म्हणजे, बरे आहात ना आपण?' बारा वर्षांच्या मुलालाही ते लागेल. पण सुरुवातीपासून दाजी-तुम्ही केलंत तर पलटी खायला जागाच उरत नाही. भाषा पूर्ण मराठी ठेवा हो, गाव केंटच राहू दे.

खाडीकाठ:
चहा संपला, दुसरा ठेवला. अंदमानाचा मुद्दा घेतो, नाइलाजाने. पण 'गाव केंटच राहू दे' हे तुमच्यासारख्या पन्नाशीच्या वाचकाला परवडतं. मी पंधरा वर्षं मुलांची पुस्तकं विकतोय. 'मार्श' शब्द दिसला की पुस्तक परत फळीवर. आणि रूपांतराला एवढं नाक मुरडायचं असेल तर देवलांच्या झुंझाररावालाही मुरडा. ऑथेल्लो मराठी झाला म्हणून कुणी मेलं नव्हतं.

भाता:
डेस्डिमोना मेली होती. तुम्ही दुकानात 'मार्श' लिहिलेलं पुस्तक ठेवलंत कशाला? दलदल, खाजण, चिखलाण, ढीगभर शब्द आहेत. 'परकं ठेवा' म्हणजे इंग्रजी शब्द तसेच ठेवा, असं मी कुठे म्हटलं?

आठवण_जपून:
यात वाद कसला? शांता शेळक्यांनी 'लिटल विमेन'ची 'चौघीजणी' केली तेव्हा मेग, ज्यो, बेथ, एमी तशाच ठेवल्या आणि तीन पिढ्या मुलींनी ते पुस्तक उशाशी ठेवलं. नावं ठेवली की झालं. विषय संपला.

मास्तरीण:
नावं ठेवली की झालं, असं होत नाही हो ताई. 'चौघीजणी' चालली ती शांताबाईंच्या मराठीमुळे. त्याच चार नावांनिशी बेचव झालेली भाषांतरं आमच्या शाळेच्या कपाटात पडून आहेत, पानं सुटी न करता.

मी नववीला मराठी शिकवते. मला या कादंबरीत अडकवणारी जागा वेगळीच आहे. पिप पहिल्यांदा त्या श्रीमंत म्हातारीच्या, मिस हॅविशमच्या, वाड्यात जातो आणि तिने वाढवलेल्या एस्टेलाशी पत्ते खेळतो, ते पान. हा लोहाराघरचा मुलगा 'जॅक' म्हणतो, आणि ती नाक उडवून म्हणते की हा 'नेव्ह'ला जॅक म्हणतो! मग त्याचे राठ हात नि जाड बूट. त्या दिवसापासून पिपला स्वतःच्या घराची लाज वाटू लागते. आता मराठीत दोन्हीला गुलामच. 'हा गुलामाला जॅक म्हणतो' असं शब्दशः केलं तर उलटं होतं, कारण आज आपल्याकडे जॅक म्हणणारं पोर इंग्लिश मीडियमचं आणि गुलाम म्हणणारं गावचं.

म्हणून मी वर्गात वाचताना ते फिरवलं. पिप म्हणतो गुलाम, एस्टेला म्हणते, 'शी! हा जॅकला गुलाम म्हणतो!' वर्गात एकदम शांतता. तासानंतर एक मुलगी थांबली. मे महिन्यात मामाकडे गेली होती, मामेबहिणीच्या मैत्रिणींनी याच शब्दावरून तिला हसलं होतं. म्हणाली, बाई, मी नंतर पत्तेच खेळले नाही. आता सांगा, हे आपलंसं करणं चूक का?

भाता:
गोष्ट लागली. पण बाई, तुमचा पिप मूळच्या उलट बोलतोय. आणि केंटमधली एस्टेला मराठीत 'जॅक' म्हणते तेव्हा ती कुठली भाषा बोलत असते?

मास्तरीण:
तीच, जी तुमचा जो 'बरे आहात ना आपण' म्हणताना बोलतो.

भाता:
...बरं. हे एक तुमच्या नावावर.

विदर्भकर:
गुलाम-बिलाम ठीक, पण तो खेळ कोणता ते कुणीच सांगेना. 'बेगर माय नेबर'. म्हणजे आपला भिकार-सावकार! ती म्हातारी एस्टेलाला सांगते की याला भिकारी कर, ते तर फुकटात मिळालं.

खाडीकाठ:
बघा! हेच मी म्हणत होतो. आयतं आपल्या घरातलं.

दहाडाव:
थांबा. भिकार-सावकारात पानाशी पान जुळलं की ढीग उचलायचा. तिकडच्या खेळात चित्राच्या पानाला दंड आहे: समोरून गुलाम आला की तुम्ही एक पान द्यायचं, राणीला दोन, राजाला तीन, एक्क्याला चार. खेळ वेगळे आहेत.

विदर्भकर:
तुमच्याकडे वेगळे असतील. आमची आजी चित्राला पानं घ्यायची आणि त्याला भिकार-सावकारच म्हणायची. तुम्ही किलवर म्हणत असाल त्यालाही आमच्या नागपुरात चिडी म्हणतात.

दहाडाव:
चिडी हिंदीतून आली. किलवर शुद्ध मराठी.

भाता:
किलवर शुद्ध मराठी! डच माणसाला ते पान दाखवा, 'क्लाव्हर' म्हणेल. परकं ठेवू नका म्हणणाऱ्यांनी आधी हातातली पानं खाली ठेवा.

दहाडाव:
तुम्हाला प्रत्येक ठिकाणी शहाणपणा दाखवायलाच हवा का? साधं पत्त्यांवर बोलत होतो.

विदर्भकर:
आजी खोटं खेळायची म्हणताय का तुम्ही?

सुखवस्तू:
मला कळत नाही, मुलांना मूळ इंग्रजीच का देत नाही? माझा मुलगा सातवीत आहे, सगळं इंग्रजीतून वाचतो. मराठी आकडेसुद्धा येत नाहीत त्याला, काही अडलं नाही.

मास्तरीण:
मुलाला मराठी आकडे येत नाहीत हे अभिमानाने सांगायचं असेल तर वेगळा धागा काढा. इथे ज्यांना मूळ इंग्रजी झेपत नाही त्या मुलांबद्दल चाललंय. माझ्या वर्गात पन्नास आहेत.

सुखवस्तू:
चिडायचं काय त्यात. मी फक्त विचारलं.

आठवण_जपून:
एक राहिलंच. जोची बायको सारखी सांगते की मी या पोराला 'बाय हँड' वाढवलं. म्हणजे अंगावरचं दूध न देता, आणि म्हणजे बडवून सुद्धा. ही कोटी नवीन पुस्तकात कशी करणार? तळटीप देऊ नका हं. तळटीपांनी माझं बालपण नासवलंय.

भाता:
'मी याला माझ्या हाताखाली वाढवलंय.' मार आपोआप कळतो, कारण हात वर असतो. दुधाचं जातं. ते मी जाऊ देईन.

मास्तरीण:
मी नाही देणार. आधी कुठेतरी 'वाटीचमच्यावर वाढलेलं पोर' असं एक वाक्य पेरून ठेवा, मग 'हाताखाली' आणा. टीप लागत नाही.

खाडीकाठ:
रात्रभर बसून पहिलं प्रकरण पुन्हा केलं. पिंट्या गेला, पिप आला. केंट राहिलं, पण दलदलीला खाजण म्हटलंय, कैद्यांच्या जुन्या जहाजांना 'तुरुंगनावा'. ख्रिसमस ठेवलाय. दिवाळीत पिपने डुकराच्या मांसाची 'पाई' कुणाच्या फडताळातून चोरायची, हे मलाही सुचेना. जो-तू केलंय. भाता, खूश व्हायचं कारण नाही. लोहारशाळेत ऐरण, घण, सांडशी, भाता सगळं आपलंच आहे आणि तेच पान सगळ्यात चांगलं उतरलंय.

भाता:
तेवढं चांगलं उतरणारच. माझे आजोबा लोहारकी करायचे, नाव उगाच नाही घेतलं. फक्त एक बघा, 'लोहार' लिहिलं की आपल्याकडे जात ऐकू येते. तिकडे तो धंदा आहे. पिप मोठा झाल्यावर जोच्या हाताखाली रीतसर उमेदवारीला बसतो, म्हातारी त्यासाठी पंचवीस गिनी मोजते. पैसे भरून, कागद करून शिकायची गोष्ट आहे ती. आमच्या आजोबांना कुणी विचारलं नव्हतं.

खाडीकाठ:
मग काय लिहू? 'लोखंडकाम करणारा'? मुलं झोपतील.

भाता:
माहीत नाही. मीही त्या शब्दापाशी दोनदा थांबलोय.

विदर्भकर:
आईला फोन केला. आजी चित्राला एकच पान घ्यायची म्हणे, गुलाम असो की एक्का. तरी खेळ तोच.