अनुभव धागा: तासाभराचं व्याख्यान एका पानात कसं बसवता?

मोगरा (धागाकर्ती)
भाची राज्यसेवेची तयारी करतेय. मान्सूनवरचं तासाभराचं एक व्याख्यान तिला फार आवडलं, म्हणून तिने त्याची लिखित प्रत काढली. साडेसात हजारांच्या आसपास शब्द, छापली तर वीसेक पानं. आता तिला उजळणीसाठी एकच पान हवंय, हाताने लिहिलेलं, म्हणजे फार तर तीनशे शब्द. तिचा पहिला प्रयत्न मी पाहिला. शीर्षकं होती: प्रस्तावना, मान्सून, महत्त्वाचे मुद्दे, इतर. तुम्ही हे कसं करता? उपदेश नको, प्रत्यक्ष काय करता ते सांगा.

अर्धाकप
सोपं आहे. पहिल्या फेरीत "तर", "म्हणजे बघा", "आलं का लक्षात" उडवायचं. दुसऱ्या फेरीत पुन्हा पुन्हा बोललेलं उडवायचं. तिसऱ्या फेरीत उदाहरणं. उरलं त्याला शीर्षकं द्यायची. मी सगळी पदवी अशीच काढली.

सोसायटीसचिव
आमच्या वार्षिक सभेचं रेकॉर्डिंग असतं, त्यावरून इतिवृत्त मीच लिहितो. विषयपत्रिकेचा क्रम सोडायचा नाही, सूचक-अनुमोदक लिहायचे आणि पुढच्या सभेत कायम करून घ्यायचं. भाचीनेही व्याख्यानाचा क्रम तसाच ठेवावा. नंतर वाद होत नाहीत.

भूगोलवाले
सचिवसाहेब, इतिवृत्ताला क्रम लागतो कारण कोण आधी बोललं याला तिथे महत्त्व असतं. व्याख्यानात तसं नसतं. मी बरीच वर्षं हा विषय शिकवला. वर्गात एल निनोचा विषय निघायचा तो दहाव्या मिनिटाला कुणाच्या तरी प्रश्नावरून, आणि पुरा व्हायचा पन्नासाव्या मिनिटाला. कागदावर ते दोन तुकडे एकाच शीर्षकाखाली यायला हवेत.

अर्धाकप यांची पहिली फेरी बरोबर. दुसरी मला पटत नाही. मास्तर जे तीनदा सांगतो तेच त्याला सांगायचं असतं. पुनरुक्ती खोडण्याआधी समासात खूण करा, कारण पानावर काय यायला हवं हे तीच दाखवते. शिवाय खोडत खोडत गेलं तर वीस पानांची दहा होतात आणि गाडी तिथेच अडते, कारण उरलेलं प्रत्येक वाक्य बरंच वाटायला लागतं.

मी मुलांना उलटं करायला लावायचो. प्रत एकदा सलग वाचायची, मग पालथी घालायची. कोऱ्या कागदावर लिहायचं की या तासाने कोणत्या प्रश्नांची उत्तरं दिली. मान्सूनच्या तासाला साधारण चार निघतात: वारे दिशा का बदलतात? पाऊस घाटमाथ्यावर धो-धो आणि पलीकडे तुरळक असं का? भर पावसाळ्यात खंड का पडतो? एल निनोचा यात हात किती? हीच शीर्षकं. मग प्रत उघडायची आणि फक्त या प्रश्नांची उत्तरं शोधायची. "इतर" असं शीर्षक द्यावंसं वाटलं, तर एखादा प्रश्न सुटलाय किंवा तो मजकूर पानावर नकोच आहे.

चष्मिष
मला ऐकू कमी येतं, त्यामुळे मी व्याख्यानं लिखित प्रतीवरूनच शिकते. व्हिडिओखाली आपोआप उमटणारा मजकूर असेल तर दोन गोष्टी जपा. विशेषनामं हमखास बिघडतात. मास्करीन बेटांचं "मस्करी" झालेलं मी पाहिलंय. ती आधी नकाशावरून दुरुस्त करायची. दुसरं, "इथून असं वर येतं आणि असं वळतं" अशी वाक्यं. कागदावर त्यांना काही अर्थ नसतो, कारण सर फळ्यावर बोट दाखवत असतात. अशा प्रत्येक ठिकाणी मी मिनिट-सेकंद लिहिते, व्हिडिओ तिथे थांबवते आणि आकृती उतरवून घेते.

मान्सूनमध्ये तर त्यानेच जागा वाचते. मादागास्करच्या पूर्वेचा जास्त दाब, तिथून विषुववृत्ताकडे येणारा बाण, आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ विषुववृत्त ओलांडून उजवीकडे वळलेला, मग अरबी समुद्रावरून थेट आपल्या घाटावर. चार बोटं जागेत दोन पानांचं बोलणं बसतं.

अर्धाकप
आकृती मान्य. पण उदाहरणं कशाला ठेवायची? परीक्षेत नियम विचारतात.

भूगोलवाले
काही उदाहरणं नियमाची सजावट असतात, ती जाऊ द्या. काही नियमाला लगाम घालतात, ती गेली की टिपण चुकीचं होतं. एल निनोवर मास्तर साधारण असं बोलतो:

"आता एल निनो आला की आपल्याकडे पाऊस कमी, असं आपण म्हणतो, आणि झालंय तसं, २००२ घ्या, २००९ घ्या, पण म्हणून दर वेळी होतंच असं नाही हं, ९७ ला केवढा मोठा एल निनो होता, सगळे धास्तावलेले, आणि पाऊस पडला की चांगला, तेव्हा हिंद महासागरातही काही चाललं होतं, त्यावर नंतर बोलू."

घाईत याचं टिपण होतं: "एल निनो = दुष्काळ." ते वाचायला छान आणि खोटं. मी असं लिहीन:

*एल निनोचा हात किती? तुटीची शक्यता वाढते, खात्री नाही. २००२: सरासरीच्या ८१%, २००९: ७८%. उलट १९९७: तीव्र एल निनो, तरी १०२%. हिंद महासागराचा पश्चिम भाग तेव्हा जास्त उबदार होता (धन द्विध्रुव), त्याने सावरलं असावं.*

टक्केवारी सरांच्या बोलण्यात नव्हती, ती बाहेरून पडताळून घातली. अशी भर वेगळ्या शाईत लिहा, म्हणजे सरांचं कुठलं आणि आपलं कुठलं हे कळतं. आणि "असावं" मुद्दाम ठेवलंय. "बहुधा", "सहसा", "दर वेळी नाही" हे शब्द प्रतीत दिसले की मी त्याभोवती चौकट करतो. गाळताना सर्वांत आधी तेच बळी पडतात.

घाटवाट
मी पान लिहून झालं की प्रत मिटून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी फक्त शीर्षकं वाचून उत्तरं तोंडी म्हणतो. जिथे अडखळतो तिथे टिपणात कारण गळलेलं असतं, नुसता परिणाम उरलेला असतो. "खंडाच्या काळात मध्य भारतात पाऊस थांबतो" एवढंच लिहिलं होतं, ते का हे सांगता येईना. कमी दाबाचा पट्टा उत्तरेला हिमालयाच्या पायथ्याशी सरकतो, हे सहा-सात शब्द घातले आणि तिकडे त्याच वेळी मुसळधार का, तेही आपोआप सुटलं.

अर्धाकप
बरं, लगामवाली उदाहरणं ठेवतो. पण अक्षर बारीक केलं तर दीड पान एका पानात बसतंच की.

चष्मिष
माझ्यासारखीने वाचायचं कसं?

मोगरा
भाचीने शीर्षकं प्रश्नरूपात केली, फरक लगेच दिसतोय. तिचा एक पेच आहे. पाठ्यपुस्तकात तिबेटचं पठार तापतं म्हणून मान्सून खेचला जातो असं आहे. व्याख्यानात सर म्हणाले की हिमालयाची भिंत उत्तरेची थंड कोरडी हवा अडवते, तेच जास्त महत्त्वाचं. पानावर काय लिहायचं?

भूगोलवाले
भिंतीचा मुद्दा २०१० च्या एका संशोधनाने जोरात पुढे आणला, त्यावर अजून चर्चा चालू आहे. दोन ओळी लिहायच्या, प्रत्येकीपुढे "पुस्तक" आणि "व्याख्यान" असं.

घाटवाट
मी परीक्षा दिलीय. वस्तुनिष्ठ प्रश्नात चारातला एकच पर्याय निवडायचा असतो, तिथे दोन ओळी गोंधळ घालतात. मी पुस्तकाचंच ठेवीन.

भूगोलवाले
आणि मुख्य परीक्षेत "चर्चा करा" आलं तर?

घाटवाट
तेव्हा वेगळं पान.