मदत हवी आहे : फेरीऑक्झॅलेटची क्वांटम यील्ड १.१४ ऐवजी ०.३६ येते आहे

रश्मी_बडोदा

नमस्कार मंडळी. एमएस्सीच्या प्रकल्पासाठी ४०५ नॅनोमीटरचा एलईडी वापरणार आहे. त्याआधी मोजणी बरोबर होते आहे ना हे बघायला पोटॅशियम फेरीऑक्झॅलेट घेतले. ४०५ च्या आसपास त्याची क्वांटम यील्ड १.१४ धरतात. माझी त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीच येते. आकडे असे :

द्रावण ०.००६ मोलर, गंधकाम्लात, १ सेंमीच्या क्युव्हेटमध्ये ३ मिली. क्युव्हेट जिथे ठेवते तिथे पॉवर मीटर २.०० मिलीवॉट दाखवतो. प्रकाश १२० सेकंद. म्हणजे ०.२४० जूल. एका फोटॉनची ऊर्जा E = hc/λ वरून ४.९०५ × १०⁻¹⁹ जूल, म्हणून फोटॉन ४.८९ × १०¹⁷.

नंतर त्यातले १ मिली काढून १० मिलीच्या फ्लास्कमध्ये घेतले, फिनॅन्थ्रोलिन आणि अ‍ॅसिटेट बफर घालून खुणेपर्यंत भरले, एक तास अंधारात ठेवले. ५१० नॅनोमीटरला अ‍ॅब्सॉर्बन्स ०.३६१. प्रकाश न दाखवलेल्या द्रावणाचे असेच केले तर ०.०३४. फरक ०.३२७. त्याला १११०० ने भागले तर २.९५ × १०⁻⁵ मोलर, १० मिलीत २.९५ × १०⁻⁷ मोल, म्हणजे १.७७ × १०¹⁷ रेणू.

१.७७ भागिले ४.८९ = ०.३६. सगळे तीनदा करून पाहिले, दर वेळी ०.३५ ते ०.३७. चूक कुठे होते आहे?

ओंकार_इंदूर

ताई, फोटॉन जास्त धरलेत. क्वांटम यील्डमध्ये *शोषलेला* प्रकाश भागाकारात यायला हवा, तुम्ही *पडलेला* घेतलाय. क्युव्हेटच्या मागे मीटर लावा, जेवढे पलीकडे निघते तेवढे वजा करा. आकडा वर येईल.

रश्मी_बडोदा

लावून पाहिला. द्रावण असताना मागे फक्त ०.०७ मिलीवॉट. म्हणजे शोषलेले १.९३. त्याने ०.३६ चे ०.३८ होते, बस.

अण्णा_रावपुरा

ओंकारचा मुद्दा खरा आहे, पण ही तूट त्याने भरून निघणारी नाही. तिप्पट चूक असली की आधी प्रकाशाकडे बघू नये, पिपेटकडे बघावे.

रश्मी, प्रकाश ३ मिलीवर पडला. फ्लास्कमध्ये त्यातले १ मिलीच गेले. तू फ्लास्कमधले रेणू मोजलेस आणि भागलेस ते मात्र सगळ्या ३ मिलीने घेतलेल्या फोटॉननी. उरलेल्या २ मिलीतही तेवढाच फेरस आहे, तो हिशोबातून सुटला. १.७७ ला ३ ने गुण : ५.३२ × १०¹⁷ रेणू. आता ५.३२ भागिले ४.८९ म्हणजे १.०९.

दर वेळी ०.३५ ते ०.३७ येत होते हीच खूण होती. प्रयोगात गोंधळ असेल तर आकडे इकडेतिकडे पळतात. एकाच चुकीच्या जागी ठाण मांडून बसले तर चूक बहुधा हिशोबात असते.

रश्मी_बडोदा

अरे देवा! धन्यवाद काका. पण १.०९ आणि १.१४ मध्ये अजून फरक आहे. तो ओंकार म्हणतात तसा शोषणाचा का?

केदार_ग्वाल्हेर

मध्येच विचारतो. माझ्याकडे मिथिलीन ब्ल्यू आणि टायटॅनियम डायऑक्साइडची पूड आहे, ३६५ चा दिवा. क्वांटम यील्ड एका टक्क्याच्याही खाली येते. मीही असाच डायल्यूशनचा गुणक विसरलो असेन का? आणि दुसरे, यील्ड १ च्या वर कशी जाईल? एका फोटॉनला एक रेणू हा नियमच आहे. मला तर १.०९ चाच संशय येतोय.

अण्णा_रावपुरा

केदार, दुसरे आधी. एक फोटॉन एका रेणूला उद्दीपित करतो, इतकेच तो नियम सांगतो. पुढे त्या रेणूच्या तुकड्यांनी काय करावे यावर त्याचे बंधन नाही. इथे प्रकाशाने एक फेरिक फेरस होतो आणि ऑक्झॅलेटचा एक रॅडिकल सुटतो. तो रॅडिकल अंधारातसुद्धा दुसऱ्या फेरिकला फेरस करू शकतो. म्हणून एका फोटॉनमागे जास्तीत जास्त दोन फेरस. प्रत्येक फोटॉन कामी येत नाही, म्हणून प्रत्यक्षात एक आणि दोनच्या मध्ये कुठेतरी. रश्मीला २ च्या वर आले असते तर मी संशय घेतला असता.

तुमची पूड हे वेगळे प्रकरण आहे. गढूळ द्रावणात प्रकाश सगळीकडे उधळतो. मागचा मीटर कमी दाखवतो म्हणजे तेवढा शोषला गेला असे मुळीच नाही. बराचसा बाजूने आणि उलटा बाहेर पडलेला असतो. तिथे पडलेल्या फोटॉनने भागावे आणि तसे स्पष्ट लिहावे, त्याला क्वांटम यील्ड म्हणू नये. आकडा लहान येणे त्या पद्धतीत नवलाचे नाही. वेगळा धागा काढा, तिथे सविस्तर बोलू.

रश्मी, आता तुझे. क्युव्हेटमध्ये नुसते पाणी भरून मागे किती येते ते मोज.

रश्मी_बडोदा

१.८४.

ओंकार_इंदूर

मग सोपे आहे. पाण्याचे १.८४, द्रावणाचे ०.०७, शोषलेले १.७७. काचेचे नुकसान आपोआप वजा झाले.

अण्णा_रावपुरा

थोडे जास्तच वजा झाले. पाणी असताना प्रकाश दोनदा कापला जातो : आत शिरताना पुढच्या काचेवर आणि बाहेर पडताना मागच्या काचेवर. सुमारे ४ टक्के दर वेळी. मागच्या काचेचे नुकसान द्रावणातून गेल्यानंतरचे आहे, रेणूंना तो प्रकाश मिळून गेलेला असतो. तेव्हा फक्त पुढच्या काचेचे धरायचे.

दोन्ही काचा सारख्या मानल्या तर आत शिरलेला प्रकाश म्हणजे २.०० आणि १.८४ यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ, १.९२ मिलीवॉट. त्यातला किती टक्के द्रावणातून पार झाला? ०.०७ ला १.८४ ने भाग, ३.८ टक्के, दोन्हीत काचा सारख्याच आहेत, म्हणून इथे त्या कटतात. म्हणजे ९६.२ टक्के शोषले. १.९२ चे ९६.२ टक्के : १.८४५ मिलीवॉट.

१२० सेकंदांत ०.२२१ जूल. फोटॉन ४.५१ × १०¹⁷. आणि ५.३२ भागिले ४.५१ म्हणजे १.१८.

रश्मी_बडोदा

आता १.१४ च्या वर गेले!

अण्णा_रावपुरा

साडेतीन टक्के वर. याला मी चूक म्हणणार नाही, पण दोन गोष्टी विचारतो. मीटरवर तरंगलांबी ४०५ ठेवली होतीस ना? सिलिकॉनच्या सेन्सरला निळ्या बाजूचा प्रकाश कमी जाणवतो. मीटर लाल लेसरच्या आकड्यावर राहिला तर तो पॉवर बरीच कमी दाखवतो आणि यील्ड उगाच मोठी येते. दुसरे, प्रकाशाचा ठिपका पूर्ण सेन्सरवर मावतो का? कडा बाहेर सांडल्या तरी तोच परिणाम.

रश्मी_बडोदा

४०५ वरच आहे. ठिपका साधारण ५ मिमीचा, सेन्सर त्याहून मोठा. द्रावण लाल दिव्यातच हाताळते, ट्यूबलाइट बंद असते.

ओंकार_इंदूर

एलईडीवर ४०५ लिहिले असले तरी शिखर नेमके तिथेच असेल कशावरून? स्पेक्ट्रोमीटरवर बघा. शिखर ४१० ला निघाले तर तेवढ्याच जूलमध्ये सव्वा टक्का जास्त फोटॉन, आणि यील्ड तेवढी खाली येईल.

अण्णा_रावपुरा

हे बरोबर बोललास. पण शिखर ४०० ला निघाले तर उलटे, यील्ड आणखी वर जाईल. बघितल्याशिवाय त्यावर भरवसा ठेवू नये. साध्या पॉवर मीटरचा स्वतःचाच हिशोब दोन-चार टक्क्यांनी चुकलेला असतो. तेव्हा जूलपासून सुरुवात करून १.१८ आले तर मी मीटरवर संशय घेईन. म्हणूनच लोक फेरीऑक्झॅलेटने दिवा मोजतात, दिव्याने फेरीऑक्झॅलेट नाही.

एक तपासणी मात्र राहिली. १२० सेकंद एकच वेळ घेतलीस. वेगवेगळ्या वेळा घे, रेषा सरळ येते का बघ.

रश्मी_बडोदा

आज केले. डार्क वजा करून : ६० सेकंदांना ०.१६४, १२० ला ०.३२७, २४० ला ०.६१२. सरळ असते तर शेवटचे ०.६५४ हवे होते ना?

ओंकार_इंदूर

फेरीऑक्झॅलेट संपत चालले असेल. मूळ ०.००६ मोलर होते, २४० सेकंदांना साधारण ९ टक्के गेले.

अण्णा_रावपुरा

९ टक्के गेले तरी शोषण ९६.२ वरून पंचाण्णवच्या आसपासच येते. त्याने एवढा बाक पडत नाही, साडेसहा टक्के हरवलेत. हा, पण तो हिशोब द्रावण नीट ढवळले असेल तरच खरा. ठिपका ५ मिमीचा, क्युव्हेट १० मिमी रुंद. ढवळले नाही तर प्रकाशाच्या वाटेवरचे थोडेसेच द्रावण सारखे भाजत राहते, तिथे ९ नाही तर कितीतरी पट टक्के संपते आणि आजूबाजूचे कोरेच राहते. ढवळतेस का?

रश्मी_बडोदा

नाही. शेवटी क्युव्हेट उलटीसुलटी करून मिसळते. एवढ्या लहान क्युव्हेटमध्ये ढवळायचे कसे?

अण्णा_रावपुरा

तळाशी मावेल असा छोटा चुंबकी बार मिळतो, खाली स्टरर. फक्त तो ठिपक्याच्या वाटेत येऊ देऊ नकोस, ठिपका थोडा वर घे.

केदार_ग्वाल्हेर

एलईडी तापून मंद होत असेल हेही बघा. हीट सिंक नसेल तर दोन-चार मिनिटांत उजेड उतरतो.

अण्णा_रावपुरा

चांगला मुद्दा. पण एलईडीचा उजेड सर्वांत वेगाने पहिल्या मिनिटातच उतरतो, मग ६० आणि १२० मध्येही बाक दिसायला हवा होता. तिथे तर बरोबर दुप्पट आहे. म्हणून माझा कल ढवळण्याकडे. तरी तपासायला काही लागत नाही : क्युव्हेट काढून मीटर जागेवर ठेव, एलईडी चालू कर, चार मिनिटे दर अर्ध्या मिनिटाला आकडा लिहून घे.

रश्मी_बडोदा

मीटर आत्ताच लावला. सुरुवातीला २.०१, चार मिनिटांनी १.९७. म्हणजे दोन टक्के दिव्याचे, बाकीचे ढवळण्याचे? बार उद्या मिळेल. तोपर्यंत १२० सेकंदांचाच आकडा धरते, आणि १.१८ चे साडेतीन टक्के उघडेच ठेवते.